उपशीर्षक प्रश्नरूप कधी?

सातबाऱ्यावरच्या लेखात ‘स्वरूप व व्याप्ती’ हे उपशीर्षक वाचकाच्या उपयोगाचे नसते. तो शोधताना लिहितो, ‘सातबारा म्हणजे काय?’ म्हणून उपशीर्षकात तेच शब्द यावेत.

उत्तर कुठे? लगेच खालच्या वाक्यात. गाव नमुना 7 म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंद, नमुना 12 म्हणजे पिकांची. इतिहास त्यानंतर.

एका प्रश्नाखाली किती उत्तरे? एकच उत्तर. ‘सातबारा आणि 8अ यांत फरक काय?’ याखाली एवढेच पुरते: सातबारा एका गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा, 8अ मात्र खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनीचा. वारस नोंदीची माहिती इथे घुसली, की वरवर चाळणाऱ्याला ती सापडत नाही.

‘लागणारी कागदपत्रे’ हे उपशीर्षक मात्र आहे तसेच चालते. यादीला प्रश्नचिन्ह लागत नाही.