पॅच बसला, पण आत कोण आहे?

घरून काम करणारा कर्मचारी पासवर्ड टाकतो, मोबाइलवर आलेला आकडा भरतो आणि कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कमध्ये पोहोचतो. त्याला आत घेणारं व्हीपीएन उपकरण इंटरनेटवर उघडंच असावं लागतं, नाहीतर त्याचा उपयोग काय? म्हणूनच त्यात लॉगिन न करता बाहेरून हुकूम चालवता येईल असा दोष सापडला, की त्या दिवशी आयटी विभागातली बाकीची कामं बाजूला पडतात.

10 जानेवारी 2024 रोजी हेच झालं. इव्हान्टी कंपनीने आपल्या ‘कनेक्ट सिक्युअर’ या व्हीपीएन उपकरणातले दोन दोष जाहीर केले: CVE-2023-46805 आणि CVE-2024-21887. पहिल्यामुळे लॉगिनची तपासणी चुकवता येत होती. काही पत्ते उपकरण ओळख न विचारता उघडू देत असे. त्या पत्त्याला ‘../’ जोडून वरच्या पायरीवर चढलं, की फक्त प्रशासकासाठी असलेल्या जागी पोहोचता यायचं. दुसऱ्या दोषामुळे तिथे पाठवलेला मजकूर न तपासताच उपकरणाच्या कार्यप्रणालीकडे हुकूम म्हणून जात होता. दोन्ही एकत्र वापरले, की जगाच्या कुठल्याही टोकाला बसलेल्या माणसाच्या हाती उपकरणाचा ताबा. पासवर्ड नाही, मोबाइलवरचा आकडाही नाही.

त्यात त्या दिवशी पॅच तयारच नव्हता. पहिले पॅच आले 31 जानेवारीला. तोवर हाती होती ती फक्त एक एक्सएमएल फाइल. ती उपकरणात चढवली, की धोक्याचे पत्ते अडवले जायचे.

अशा वेळी पहिला प्रश्न साधा असतो: आपल्याकडे हे उपकरण आहे का, आणि किती? उत्तर वाटतं तितकं सोपं नसतं. मुख्य कार्यालयातली जोडी सगळ्यांना माहीत असते. विसर पडतो तो आपत्कालीन केंद्रात राखीव ठेवलेल्या उपकरणाचा, विकत घेतलेल्या छोट्या कंपनीबरोबर आलेल्याचा किंवा ‘पुढच्या महिन्यात काढू’ म्हणून चालूच राहिलेल्या जुन्याचा. म्हणून खरेदीच्या यादीवर विसंबू नये. संस्थेचे सगळे सार्वजनिक आयपी पत्ते बाहेरून तपासावेत आणि ‘vpn’ किंवा ‘remote’ अशा नावांच्या डीएनएस नोंदी चाळाव्यात. या उपकरणाच्या लॉगिन पानाच्या पत्त्यात `/dana-na/` असतं, त्यावरूनही ते ओळखू येतं. आवृत्ती शोधत बसायची गरज नव्हती, कारण तेव्हा चालू असलेल्या 9.x आणि 22.x या दोन्ही मालिका बाधित होत्या.

यादी झाली, की हात आपोआप एक्सएमएल फाइलकडे जातो. तिथेच जरा थांबायला हवं. हा दोष जाहीर होण्याआधीच वापरात होता. व्होलेक्सिटी या सुरक्षा संस्थेला डिसेंबर 2023 च्या दुसऱ्या आठवड्यात एका ग्राहकाच्या नेटवर्कमध्ये कोणीतरी एका यंत्रावरून दुसऱ्यावर सरकताना दिसलं होतं. माग काढत ते व्हीपीएन उपकरणापर्यंत पोहोचले, तर तिथले लॉग पुसलेले आणि लॉग ठेवणंही बंद केलेलं. सर्वांत जुना पुरावा 3 डिसेंबरचा निघाला. म्हणजे जाहीर घोषणेच्या वेळी चोर निदान पाच आठवडे ये-जा करत होता.

मग आधी पुरावा जपायचा की आधी दार बंद करायचं? दोन्हीची घाई असते, कारण 11 जानेवारीपासूनच सरसकट हल्ले सुरू झाले. काही दिवसांतच व्होलेक्सिटीला जगभरात 1,700 हून अधिक उपकरणं ताब्यात गेलेली दिसली. माझ्या मते वाट एकच आहे: उपकरणाची वीज तोडू नये, बाहेरचं नेटवर्क तोडावं. पुढच्या फायरवॉलवर इंटरनेट अडवलं, की हल्ला थांबतो आणि मेमरीतला पुरावाही शाबूत राहतो. उपकरण व्हर्च्युअल यंत्र असेल, तर मेमरीसकट स्नॅपशॉट घ्यावा. मग लॉग बाहेर काढावेत. इव्हान्टीचं बाहेरून चालवायचं अखंडता तपासणी साधन त्यानंतर चालवावं, कारण ते उपकरण रीबूट करतं आणि मेमरीतलं सगळं जातं. हा क्रम उलटला, तर पुरावा आपल्याच हातांनी पुसला जातो.

हे साधन मूळ फाइलींशी तुलना करून नवीन आणि बदललेल्या फाइली दाखवतं. या प्रकरणात हल्लेखोरांनी `compcheckresult.cgi` बदलून मागचं दार ठेवलं होतं, आणि लॉगिन पानाच्या `lastauthserverused.js` मध्ये पासवर्ड चोरणाऱ्या ओळी घातल्या होत्या. कर्मचारी लॉगिन करत राहिले आणि त्यांचे पासवर्ड बाहेर जात राहिले. उपकरणाच्या आतच असलेल्या तपासणी साधनावर मात्र विश्वास ठेवता येत नव्हता. काही ठिकाणी त्याने ‘काही सापडलं नाही’ असंच म्हणावं, अशी व्यवस्था हल्लेखोरांनी केली होती.

लॉगमध्ये शोधायची खूणही स्पष्ट होती:

```
grep -F "/api/v1/totp/user-backup-code/../" vpn.log
```

ओळ सापडली, तर कोणीतरी प्रयत्न केला हे नक्की. नाही सापडली, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. लॉगिनशिवाय आलेल्या विनंत्यांची नोंद ठेवण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, आणि लॉग पुसलेही जातात. लॉग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवले जात असतील, तरच ते हल्लेखोराच्या हाताबाहेर राहतात.

यानंतर एक्सएमएल फाइल चढवायची. तिचीही एक खोड होती. ती चढवल्यावर मध्यवर्ती व्यवस्थापनातून नवीन सेटिंग पाठवली, तर संरक्षण निकामी होऊ शकत होतं. कंपनीला तसा इशारा द्यावा लागला. फाइल चढवून निश्चिंत झालेल्या प्रशासकाला हे कळणार कसं? बाहेरून पुन्हा चाचणी घेतली तरच.

अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेचा धीर लवकरच सुटला. 31 जानेवारीला तिने केंद्रीय कार्यालयांना बजावलं, की 2 फेब्रुवारीच्या मध्यरात्रीपूर्वी ही उपकरणं नेटवर्कपासून तोडा. परत जोडायची तर आधी फॅक्टरी रीसेट, मग नवी आवृत्ती, आणि उपकरणात साठवलेली प्रमाणपत्रं, किल्ल्या व पासवर्ड सगळे बदलून. उपकरणाशी जोडलेली डोमेन खाती चोरीला गेली असंच धरून चालायचं: पासवर्ड दोनदा बदलायचे, कर्बेरोस तिकिटं रद्द करायची. फेब्रुवारीअखेर सिसाने आणखी सांगितलं, की प्रयोगशाळेत फॅक्टरी रीसेटनंतरही हल्लेखोराला टिकून राहता येतं असं दिसलं आहे. इव्हान्टीला ते मान्य नव्हतं. मी असतो तर महत्त्वाच्या जागी जुनं उपकरण पुसून वापरलं नसतं.

मायटर या अमेरिकी संशोधन संस्थेचं उदाहरण इथे सगळ्यांत बोलकं. हल्ल्यांच्या पद्धतींची जगभर वापरली जाणारी सूची हीच संस्था चालवते. तिने जानेवारीत कंपनीच्या आणि सरकारच्या सूचनांनुसार आपलं इव्हान्टी उपकरण बदललं, कडक केलं. पण हल्लेखोर 31 डिसेंबरलाच आत आला होता. चालू असलेलं सत्र पळवून त्याने दुहेरी ओळखतपासणी चुकवली, एक प्रशासक खातं हाती घेतलं आणि व्हीएमवेअरवरच्या यंत्रांमध्ये जाऊन बसला. हे संस्थेने जाहीर केलं एप्रिलमध्ये. उपकरण स्वच्छ केलं होतं, पण त्याच्या मागे कोण कुठे गेलं, हे तेव्हा दिसलं नव्हतं.

म्हणून घुसखोरी झाली की नाही, हे तपासताना उपकरण सोडून आत जावं लागतं. व्हीपीएनच्या आतल्या पत्त्यावरून सर्व्हरवर थेट लॉगिन झालंय का? एरवी ज्या यंत्राला हात न लावणारं सेवा खातं, ते रात्री तिथे दिसतंय का? एखादं व्हर्च्युअल यंत्र कोणी बनवलं, हे कोणालाच ठाऊक नाही असं आहे का? या प्रश्नांची उत्तरं निदान डिसेंबरच्या सुरुवातीपासून शोधावी लागतात, म्हणजे तेवढे जुने लॉग हवेत. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार 180 दिवसांचे लॉग जपावे लागतात आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावं लागतं. त्या 6 तासांत पूर्ण उत्तर मिळत नाही, आणि ते मिळेपर्यंत थांबण्याची मुभाही नसते. जे दिसलं ते कळवायचं आणि शोध चालू ठेवायचा.