भाडं लांबणार? मग तारीख सांगा

कोथरूडला भाड्याने राहणाऱ्या एका ओळखीच्या मुलाने घरमालकीणबाईंना पाठवायचा मेसेज मला आधी दाखवला: ‘काकू, या महिन्यात जरा अडचण आहे. भाडं थोडं उशिरा देतो, प्लीज समजून घ्या.’

आता ‘थोडं’ म्हणजे चार दिवस की चार आठवडे? काकूंच्या फ्लॅटचा हप्ता कदाचित याच भाड्यातून जात असेल. त्या लगेच फोन करणार, आणि मग अडखळत सगळं सांगावं लागणार.

पगार कधी, विचारलं. दहा तारखेला, कंपनीने तसं कळवलंय. मग बारा लिही म्हटलं. पगार एखादा दिवस लांबला तरी शब्द मोडायला नको. हातात आठ हजार होते.

‘नमस्कार काकू. कंपनीने या महिन्याचा पगार 10 तारखेला होईल असं कळवलंय. 18,000 भाड्यापैकी 8,000 आजच पाठवतो. उरलेले 10,000 रुपये 12 तारखेला संध्याकाळपर्यंत जमा करतो. चालेल का? तुमची गैरसोय होतेय, त्याबद्दल माफ करा.’

‘चालेल का’ मुद्दाम ठेवलं. करारात पाच तारीख आहे, उशिराच्या दंडाचं कलमही आहे. तेव्हा काकूंचा होकार लेखी आलेला बरा. घरगुती अडचणींचं पुराण मात्र गाळलं. मेसेज तीन तारखेलाच गेला. काकूंचं उत्तर आलं: ‘ठीक आहे. आठ हजार मिळाले.’