फरशी दिसू द्या

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये पेटीचा दिवाण, सोफा आणि टीव्हीचं कपाट असं सगळंच जमिनीला टेकलेलं असलं, की खोली कोंदट वाटते. नजर भिंतीच्या पायथ्यापर्यंत पोचतच नाही. दिवाण राहू द्या, गाद्या-गोधड्या दुसरीकडे कुठे जाणार? पण तो दारासमोर नको, आतल्या भिंतीलगत हवा. दाराजवळ सहा इंच पायांचा सोफा आणि उघड्या चौकटीची वेताची खुर्ची ठेवा. खालून झाडूही फिरतो.

दिवाण नसलेल्या घरात सगळंच पायांवर उभं राहिलं, तर नुसतं काटक्यांचं रान दिसतं. तिथे एका खुर्चीला भिंतीच्या रंगाची झालर लावा. ती फरशीपासून अर्धा इंच वर ठेवा, नाहीतर पुसताना भिजून कड काळी पडते.