समईमागे आरसा ठेवला की उजेड दुप्पट होतो का?

बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावला रजतनगरी म्हणतात, ते तिथल्या चांदीच्या बाजारामुळे. दिवाळीत कितीतरी घरांत कपाटातली चांदीची समई आणि ताट बाहेर निघतं. कोणी समईमागे आरसा उभा करतं, कोणी निरांजन ताटात ठेवतं. मागे आरसा असला की उजेड दुप्पट झाला, असं आपण सहज म्हणून जातो. डोळ्यांना एकाच्या दोन ज्योती दिसतात, त्यामुळे तसं वाटणं स्वाभाविक आहे. पण आरशाला स्वतःचा उजेड नसतो. भिंतीकडे निघालेला उजेड तो फक्त आपल्याकडे वळवतो. त्याचा किती भाग आपल्यापर्यंत येईल, हे ज्योत आरशापासून किती लांब आहे यावर ठरतं.

हिशेब सोपा आहे. समई आरशापासून 10 सेंटीमीटरवर आहे आणि समईपुढे 1 मीटरवर तुम्ही पोथी वाचत बसला आहात असं धरू. आरशातली ज्योत काचेच्या तेवढीच मागे असते, म्हणजे पोथीपासून 120 सेंटीमीटरवर. अंतर वाढलं की उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. शिवाय घरचा चांगला आरसाही आलेल्या उजेडापैकी साधारण 90 टक्केच परत देतो. दोन्ही धरले तर पोथीवर मूळ उजेडात सुमारे 60 टक्क्यांची भर पडते. ही भर चांगलीच आहे, पण दुप्पट नाही. आता समई आरशापासून अर्धा मीटर पुढे सरकवा आणि पोथीही तेवढीच मागे घ्या. आरशातली ज्योत 2 मीटर लांब जाते आणि भर जेमतेम 22 टक्क्यांवर येते. म्हणून दिवा आरशाजवळ हवा. मात्र काचेला चिकटून नको, कारण काजळी धरते आणि एकाच जागी तापलेली काच तडकू शकते.

आरसा योग्य जागी आहे का, हे तपासायला मोजमाप लागत नाही. जिथे उजेड हवा तिथे डोळा न्या. तिथून आरशात ज्योत दिसली तर तो उजेड तिथे पोहोचतोय. दिसली नाही, तर आरसा कितीही मोठा असला तरी तो उजेड दुसरीकडेच चालला आहे.

ताटाचंही हेच. ज्योतीखाली आडवं ठेवलेलं ताट उजेड वर आढ्याकडे पाठवतं. समोरचा देव्हारा उजळायचा असेल तर ताट दिव्यामागे उभं करावं लागतं. नक्षीदार ताटात ज्योतीचं एक स्वच्छ प्रतिबिंब मिळत नाही, शंभर ठिणग्या मिळतात. मला सजावटीसाठी तेच जास्त आवडतं, पण वाचायला त्याचा फारसा उपयोग नाही.

चकाकतं ते सगळं सारखंच, हाही एक गैरसमज. घासलेली चांदी पडलेल्या उजेडापैकी साधारण 95 टक्के परत पाठवते, स्टील त्याहून बरंच कमी. पितळ निळा उजेड जास्त शोषतं, त्यामुळे पितळी ताटातून परतलेला उजेड पिवळसर, उबदार दिसतो. चांदीचा गुण मात्र ती काळी पडेपर्यंतच. हवेतल्या गंधकाने तिच्यावर काळा थर चढतो आणि उजेड त्यातच मुरतो. ताटाला रबर बांधून ठेवलं तर काळे पट्टे उमटतात, कारण रबरातही गंधक असतं. घरच्या आरशामागेही बहुधा चांदीचाच पातळ थर असतो. काचेवर तो चढवण्याची रीत लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 मध्ये शोधली. जुन्या आरशाच्या कडेला दिसणारे काळे डाग म्हणजे ओल शिरून खराब झालेला तोच थर.

समोरासमोर दोन आरसे ठेवले तर दिव्यांची रांग अनंत दिसते म्हणतात. प्रत्येक वेळी 90 टक्केच परत येत असेल तर सातव्या प्रतिबिंबापर्यंत निम्मा उजेड संपतो. काचेतल्या लोहामुळे लांबचे दिवे हिरवट होत जातात.

आणखी एक गोष्ट कमी लोक लक्षात घेतात. ताज्या चुन्याची पांढरी भिंतही 80 टक्क्यांच्या आसपास उजेड परत देते, फक्त चहूकडे पसरवून. अशा खोलीत आरशाने चमक येते, एकूण उजेड फारसा वाढत नाही. गडद निळ्या भिंतीवर किंवा काळवंडलेल्या स्वयंपाकघरात मात्र तोच आरसा फरक दाखवतो.

विजेच्या माळेबाबत तेवढं जपा. पितळी परात किंवा स्टीलच्या ताटाच्या धारेवरून ती ओढू नका. वायरचं आवरण कापलं गेलं तर ताटात वीज उतरते, आणि माळ तशीच लुकलुकत राहत असल्याने बिघाड दिसत नाही. धातूच्या भांड्यात गुंडाळायला बॅटरीवरची माळ घ्या.