कोपऱ्यातलं डोकं

लग्नाच्या अल्बमचं डिझाईन स्टुडिओकडून मंजुरीसाठी आलं की पहिल्या फेरीत घरातले सगळे आपापले चेहरे शोधतात. दुसऱ्या फेरीत नजर कोपऱ्यांकडे वळते. हार घालण्याचा फोटो सुरेख आलेला असतो, नवरानवरी पाटावर समोरासमोर उभी आहेत, मागे मामा, अक्षता अजून हवेत. आणि खाली डाव्या कोपऱ्यात कुणाचं तरी पाठमोरं डोकं आणि उंचावलेला मोबाईल. मग घरातलं कुणीतरी स्टुडिओला निरोप पाठवतं, ‘त्या फोटोतला तो माणूस काढून टाका.’

एवढ्या निरोपावर काम नीट होत नाही, आणि त्यात स्टुडिओचा दोष क्वचितच असतो. अल्बम जुळवणारा डिझाईनर बहुतेक वेळा लग्नाला आलेलाच नसतो. त्याच्या पडद्यावर शेकडो फोटो असतात आणि त्यातलं एकही माणूस त्याच्या ओळखीचं नसतं. फोटोत पाच पुरुष असतील तर ‘तो माणूस’ म्हणजे कोण, हे त्याला अंदाजानेच ठरवावं लागतं. म्हणून हे पत्र नीट लिहायला हवं. त्यासाठी आधी कापणं म्हणजे नेमकं काय होतं, ते समजून घेऊ.

डोकं कोपऱ्यात येतं कसं? कमी किमतीच्या बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांत डोळा लावून बघायच्या खिडकीत चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो. बारा इंच रुंद प्रिंटवर हिशोब केला तर दोन्ही कडांना साधारण पाव इंचाहून थोडी जास्त पट्टी फोटोग्राफरने टिपताना पाहिलेलीच नसते. कडेला डोकावणारा कान किंवा कोपर बरेचदा तिथून येतो. महागड्या कॅमेऱ्यांत आणि नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पूर्ण चौकट दिसते, पण तिथेही हार पडण्याचा क्षण आणि पुढे सरसावलेला पाहुणा एकाच वेळी आले तर फोटोग्राफर बटण दाबतोच. दाबायलाच हवं. डोकं नंतर काढता येतं, तो क्षण परत मिळत नाही.

आता हाच फोटो मोजून पाहू. समजा मूळ फाईल ६००० बाय ४००० पिक्सेलची आहे, म्हणजे २४ मेगापिक्सेल. रुंदी आणि उंची यांचं ३ : २ हे प्रमाण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरून चालत आलंय, तिची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची. ही फाईल १२ बाय ८ इंचात छापली तर एका इंचात ५०० पिक्सेल बसतात. कोपऱ्यातलं डोकं, हात आणि मोबाईल मिळून ७०० पिक्सेल रुंद आणि ९०० पिक्सेल उंच आहेत असं धरू. म्हणजे कागदावर जवळजवळ दीड इंच रुंद आणि पावणेदोन इंचांहून थोडं जास्त उंच. एवढं डोकं नजरेतून सुटत नाही.

डावीकडून ७५० पिक्सेलची पट्टी काढली की डोकं गेलं. पण आता रुंदी ५२५० उरली. प्रिंट पुन्हा १२ बाय ८ चीच हवी असेल तर उंचीही ३५०० वर आणावी लागते. म्हणजे वरून किंवा खालून आणखी ५०० पिक्सेल, छापील मापात एक इंच, द्यावे लागतात. बहुतेक घोळ इथे होतो. आपण फक्त डावा कोपरा सांगितलेला असतो. खालून इंच गेला तर पाट आणि पावलं जातात. वरून गेला तर मांडवाच्या फुलांचा थोडा भाग जातो, त्याचं फारसं काही वाटत नाही. हा निर्णय डिझाईनर आपल्या मनाने घेणार, तर तो आपणच पत्रात का सांगू नये?

‘कापलं तर फोटो फाटेल’ ही भीती मात्र इथे लागू नाही. ५२५० पिक्सेल १२ इंचांत छापले तरी इंचाला ४३७ पडतात, आणि चांगल्या छपाईला ३०० पुरतात. फरक एवढाच होतो की चौकटीतली सगळी माणसं आधीपेक्षा साधारण १४ टक्के मोठी दिसू लागतात. हाच फोटो करिझ्मा अल्बमच्या ३६ इंची पूर्ण शीटवर पसरवायचा असेल तर मात्र चित्र बदलतं. तिथे न कापताही इंचाला १६७ पिक्सेलच मिळतात, आणि कापल्यावर ते १४६ वर येतात. जवळून बघणाऱ्याला चेहऱ्यांचा मऊपणा जाणवू शकतो. अशा वेळी तो फोटो अर्ध्या शीटवर घ्यायला सांगावा.

प्रिंटचा आकारच बदलता येत असेल तर काम आणखी सोपं होतं. १० बाय ८ च्या प्रिंटसाठी ६००० बाय ४००० च्या फाईलमधून ५००० बाय ४००० एवढाच भाग लागतो. उरलेले १००० पिक्सेल कापले जाणारच असतात. काही सांगितलं नाही तर ते दोन्ही बाजूंनी ५००-५०० असे जातात. मग आपल्या ७०० पिक्सेलच्या डोक्यातले २०० उरतात, म्हणजे कडेला जवळजवळ अर्ध्या इंचाची कानाची फोड. अख्ख्या डोक्यापेक्षा ती जास्त खुपते. उलट उजवीकडे उभ्या आजींचा खांदा उगाच कापला जातो. ‘सगळी काट डावीकडूनच घ्या’ एवढं लिहिलं की डोकं पूर्ण जातं, आजी पूर्ण राहतात आणि वरखाली काहीच गमवावं लागत नाही. एका वाक्याने एवढा फरक पडतो, म्हणून ते वाक्य लिहिण्याचा आळस करू नये असं मी कळकळीने सांगतो.

कापून भागत नाही अशीही वेळ येते. डोक्याच्या वर, त्याच डाव्या पट्टीत वरमाई उभ्या असतील तर ७५० पिक्सेल काढताना त्यांचाही अर्धा चेहरा जाईल. मग कापणं सोडून रिटचिंग करावं लागतं, म्हणजे डोक्याच्या जागी आजूबाजूचा भाग उचलून भरायचा. मागे साधं कापड असेल तर हे लवकर होतं. पण ते डोकं कुणाच्या साडीच्या निऱ्यांवर किंवा हातावर आलं असेल तर झाकलेला भाग कॅमेऱ्याने टिपलेलाच नाही. तो डिझाईनरला नव्याने रचावा लागतो. त्याला वेळ लागतो आणि बरेच स्टुडिओ त्याचे वेगळे पैसे घेतात. म्हणून आपल्याला क्रॉप हवं आहे की रिटच, हे पत्रात स्पष्ट लिहावं.

आणि पत्र लिहिण्याआधी दोन्ही घरांत एकदा विचारावं. पाठमोऱ्या डोक्यावरून माणूस ओळखू येत नाही. आपल्याला परके वाटणारे ते गृहस्थ व्याह्यांचे थोरले भाऊ असू शकतात, आणि त्यांचा अल्बमभर तेवढाच एक फोटो असू शकतो.

पत्र असं लिहिता येईल:

मा. संचालक, फोटो स्टुडिओ यांस,
स. न. वि. वि.
आमच्या मुलीच्या लग्नाच्या अल्बमचं डिझाईन मिळालं. पान ९ वरच्या फोटोत (DSC_4127.JPG) एक बदल हवा आहे. फोटो समोर धरून पाहिला असता पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला, खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या शर्टातल्या गृहस्थांचं पाठमोरं डोकं आणि मोबाईल धरलेला हात दिसतो. हा भाग डाव्या कडेने क्रॉप करावा. आकार राखण्यासाठी उंची कमी करावी लागली तर ती वरून करावी. पाट आणि पावलं कापू नयेत. उजवीकडच्या हिरव्या नऊवारीतल्या आजी पूर्ण दिसायला हव्यात. क्रॉपने हे साधत नसेल तर रिटचिंगचा खर्च आधी कळवावा. मूळ फाईल आहे तशीच जपून ठेवावी. बदललेलं पान आम्ही मंजूर केल्यावरच लॅबला पाठवावं.
कळावे,
(बुकिंग ज्या नावाने आहे ते नाव, लग्नाची तारीख, फोन)

यातलं ‘पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला’ हे गाळू नका. नुसतं ‘डावीकडे’ म्हटलं की नवरीची डावी बाजू की आपली, असा प्रश्न उभा राहतो आणि भलताच कोपरा कापला जातो. सोबत त्या पानाचा स्क्रीनशॉट, डोक्याभोवती गोल काढून, जरूर पाठवा. तो फक्त जागा दाखवण्यासाठी आहे. काम मूळ फाईलवरच व्हायला हवं, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. फोटोचा क्रमांक डिझाईनवर दिसत नसेल तर सिलेक्शनच्या यादीतून शोधून लिहावा.

हे सगळं छपाईआधी करायचं. करिझ्मा अल्बमची शीट मधोमध घडी घालून पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. एक पान सोडवायला गेलं की शेजारचंही खराब होतं. बहुधा अल्बम पुन्हा बांधावा लागतो आणि खर्च कुणाचा यावरून वाद होतो. खिशांच्या जुन्या अल्बममध्ये प्रिंट सुटी असते, तिथे नवी प्रिंट सहज घालता येते. घरात कात्री चालवण्याचा मोह होतो, पण निगेटिव्ह सापडत नसेल आणि ती एकच प्रत असेल तर तिला हात लावू नये. आधी ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्यावी आणि त्या स्कॅनमधून कापलेली प्रत छापावी.

दुरुस्त पान आलं की ते मोबाईलवर न बघता शक्य तर संगणकावर, मोठं करून बघा. आधी डाव्या कडेवर वरपासून खालपर्यंत नजर फिरवा. केसांची बट, कोपर, मोबाईलचा कोपरा असं काहीतरी हमखास मागे राहतं. रिटच केलं असेल तर माणूस गेला पण त्याची सावली जमिनीवर राहिली, असं होतं. झेंडूची तीच दोन फुलं शेजारी शेजारी पुन्हा दिसतात, किंवा मागच्या पडद्याची किनार मध्येच तुटते. लॅबमध्ये छापल्यावर कडा काही मिलिमीटर कापल्या जातात, म्हणून आजींचा पदर अगदी कडेला टेकला असेल तर थोडी जागा सोडायला सांगा. सगळं जागेवर असेल तर पान क्रमांक आणि फोटो क्रमांक लिहून ‘मंजूर’ असं लेखी कळवा, आणि बाकीच्या पानांत काही बदल राहिले असतील तर ते याच उत्तरात एकदम द्या, म्हणजे अल्बम एकाच वेळी छपाईला जाईल.