ट्रोपोनिन निगेटिव्ह, तरीही हार्ट अटॅक

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासमोर अशी एक केस ठेवली जाते. पंचावन्न वर्षांचा गृहस्थ, जुना मधुमेह, विडीची सवय. तासाभरापासून छातीवर दाब, दरदरून घाम, मळमळ. रक्तदाब ९०/६०. ईसीजीत दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी वर उचललेला. ट्रोपोनिन निगेटिव्ह. पुढे काय?

‘तीन तासांनी ट्रोपोनिन पुन्हा करू’ असं म्हटलं, की उत्तर तिथेच चुकलं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. धमनीत गुठळी अडकून स्नायू मरू लागला, की ते पेशींतून रक्तात उतरतं. साध्या चाचणीत दिसण्याइतकं साचायला तीन-चार तास लागतात. मग ते आठवडाभर किंवा त्याहून जास्त वाढलेलं राहतं. म्हणजे पहिल्या तासातला निगेटिव्ह अहवाल ‘अटॅक नाही’ असं सांगतच नाही. एसटी उचललेला नसेल, तेव्हा मात्र ट्रोपोनिनवर सगळी भिस्त असते. तेव्हाही एका आकड्यावर जाऊ नये, कारण मूत्रपिंडाच्या आजारातही तो वाढलेला असतो. काही तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतला चढ-उतार बघायचा.

आपल्या रुग्णाचं निदान ईसीजीनेच झालेलं आहे. हा ईसीजी रुग्ण आल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. लगेच साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्यायचं, जोडीला क्लोपिडोग्रेल. ऑक्सिजन सरसकट लावायचा नाही. रक्तातलं प्रमाण ९० टक्क्यांखाली असेल तरच.

आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट? इथे थांबा. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या अटॅकमध्ये कधी कधी उजवा कप्पाही सापडतो. मग तो शिरांतून परत येणाऱ्या रक्ताच्या जोरावरच कसाबसा चालतो. सॉर्बिट्रेट शिरा सैल करतं, तो जोर जातो आणि आधीच कमी असलेला रक्तदाब कोसळतो. म्हणून छातीच्या उजव्या बाजूला लीड लावून दुसरा ईसीजी काढायचा. घराघरांत ही गोळी जवळ बाळगली जाते, त्यामुळे हा धोका मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता धमनी उघडायची. निदानापासून दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार असेल, तर तीच सर्वांत चांगली. तालुक्याच्या रुग्णालयातून कॅथलॅब तीन तासांवर असेल, तर वाट न पाहता गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज, तिथेच द्यायचं. त्याआधी मेंदूत कधी रक्तस्राव झाला होता का, हे विचारलंच पाहिजे. झाला असेल तर हे औषध बाद.

इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात. उचललेला एसटी निम्म्याहून अधिक खाली आला आणि दुखणं शमलं, तर धमनी उघडली असं धरतात, आणि अँजिओग्राफी चोवीस तासांच्या आत करतात. एसटी तसाच राहिला, तर तातडीची अँजिओप्लास्टी लागते. कोणती वेळ येईल हे आधी कळत नाही, म्हणून इंजेक्शन देताच रुग्णाला कॅथलॅबकडे रवाना करायचं.