युरियाच्या कारखान्यातली परतीची वाट

एक टन युरिया बनवायला कच्चा माल किती लागतो, हे कागदावर दोन ओळींत मांडता येतं. अमोनिया ५६७ किलो, कार्बन डायऑक्साइड ७३३ किलो. बेरीज १३०० किलो. त्यातून १००० किलो युरिया मिळतो आणि ३०० किलो पाणी सुटतं. बाकी काही उरत नाही.

प्रत्यक्ष रिॲक्टरमधून मात्र एक टन युरियाच्या जोडीला सुमारे एक टन अमोनिया आणि साडेचारशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड युरिया न होताच बाहेर पडतो. म्हणजे जितका अमोनिया कामी आला, त्याच्या पावणेदोन पटींहून अधिक तसाच राहिला. तो वाया घालवला तर धंदा पहिल्याच दिवशी बुडेल. म्हणून युरियाच्या कारखान्यात रिॲक्टर एकच असतो आणि त्याच्या पुढची बहुतेक यंत्रसामग्री हा उरलेला वायू वेगळा करून परत रिॲक्टरच्या तोंडाशी आणण्यासाठी उभी असते. ही परतीची वाट समजली की युरियाचा कारखाना समजला, असं माझं मत आहे.

अलिबागजवळच्या थळ इथला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना हे आपल्या जवळचं उदाहरण. बॉम्बे हायच्या गॅसच्या भरवशावर १९८० च्या दशकात तो उभा राहिला. गॅसपासून आधी अमोनिया बनतो आणि त्याच प्रक्रियेत कार्बन डायऑक्साइडही सुटतो. त्यामुळे युरियाचे दोन्ही घटक एकाच आवारात मिळतात. थळचा युरिया इटलीच्या स्नॅमप्रोगेट्टी कंपनीच्या पद्धतीने बनतो. पुढचं वर्णन त्या पद्धतीचं आहे. आकडे अशा कारखान्यांमध्ये सर्वसाधारणपणे आढळणारे आहेत.

अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड एकत्र आले की लगेच युरिया होत नाही. आधी अमोनियाचे दोन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू मिळून अमोनियम कार्बामेट तयार होतं. ही पायरी झटपट होते आणि तिच्यात भरपूर उष्णता बाहेर पडते. त्यानंतर कार्बामेटमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि मागे युरिया राहतो. ही दुसरी पायरी संथ आहे, ती थोडी उष्णता शोषते आणि अर्ध्यावरच अडते. अडण्याचं कारण तिच्यातून सुटणारं पाणीच. पाणी साठत गेलं की युरिया आणि पाणी उलट दिशेने जाऊन पुन्हा कार्बामेट बनू लागतात. पुढे जाण्याचा आणि मागे येण्याचा वेग सारखा झाला की प्रमाण तिथेच स्थिरावतं.

रसायनशास्त्राला हे फार पूर्वीपासून माहीत होतं. रशियन रसायनशास्त्रज्ञ बाझारोव्ह यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस बंद नळीत कार्बामेट तापवून युरिया मिळवला होता. हीच वाट औद्योगिक प्रमाणावर आणण्याचं श्रेय जर्मनीतल्या बॉश आणि मायझर यांचं. ते काम १९२२ चं.

रिॲक्टर म्हणजे दहा मजल्यांहून उंच, जाड पोलादाचा उभा दंडगोल. आत दाब सुमारे १५० बार, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दीडशे पट. तापमान १८५ ते १९० अंश सेल्सियस. एवढा दाब लागतो, कारण त्या तापमानाला कार्बामेट सहज फुटून पुन्हा दोन वायू होतं. दाबाखाली ते वितळलेल्या द्रवाच्या रूपात टिकतं, आणि युरिया या द्रवातच बनतो. द्रव खालून वर सरकत जातो. संथ पायरीला वेळ मिळावा म्हणून त्याला आत अर्ध्या-पाऊण तासाचा मुक्काम घडतो. मधे सच्छिद्र ताटल्या बसवलेल्या असतात. वरचा तयार द्रव खालच्या ताज्या द्रवात मिसळू नये, हा त्यांचा हेतू.

समीकरण अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड २:१ या प्रमाणात मागतं. रिॲक्टरमध्ये मात्र अमोनिया मुद्दाम जास्त, साडेतीनाला एक या आसपास घातला जातो. जास्तीचा अमोनिया प्रक्रियेला युरियाच्या दिशेने ढकलतो. एवढं करूनही शंभरातले साठ ते पासष्ट भाग कार्बन डायऑक्साइडच एका फेरीत युरियापर्यंत पोहोचतो. वर दिलेला न वापरलेल्या वायूंचा हिशेब यातूनच आला: ६२ टक्के रूपांतर धरा, साडेतीनाचं प्रमाण धरा, आणि एक टन युरियामागे काय उरतं ते मोजा.

उरलेल्या वायूंचं काय करायचं, हा प्रश्न सुरुवातीच्या कारखान्यांनी टाळलाच. ते वायू शेजारच्या विभागात नेऊन त्यापासून अमोनियम सल्फेट किंवा नायट्रेट बनवत. मग युरिया किती बनवायचा हे दुसऱ्या खताच्या खपावर ठरू लागलं. वायू सरळ कॉम्प्रेसरने दाबून परत पाठवावेत, तर तेही जमत नाही. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण दाबायला गेलं की यंत्रातच घन कार्बामेट बनतं आणि वाट तुंबते. म्हणून हे वायू पाण्यात शोषून, कार्बामेटचं द्रावण करून पंपाने परत पाठवायची रीत आली. पण त्या द्रावणासोबत पाणीही रिॲक्टरमध्ये जातं, आणि प्रक्रिया अडवणारं पाणीच तर आहे. जितकं जास्त पाणी परत जाईल तितकं रूपांतर कमी. रूपांतर कमी झालं की उरलेले वायू जास्त, ते शोषायला आणखी पाणी, आणि रूपांतर आणखी कमी. परतीची वाट जितकी कोरडी ठेवता येईल तितकी ठेवायची, ही या उद्योगाची जुनी झुंज आहे.

त्यावरचा खरा तोडगा १९६० च्या दशकात सापडला. त्याला स्ट्रिपिंग म्हणतात. नेदरलँड्सच्या स्टॅमिकार्बनने कार्बन डायऑक्साइड वापरून ते केलं, स्नॅमप्रोगेट्टीने अमोनिया वापरून. विचार असा: रिॲक्टरमधून आलेल्या द्रवाचा दाब कमी न करता त्यातलं उरलेलं कार्बामेट फोडायचं. त्यासाठी द्रव उभ्या नळ्यांच्या मोठ्या जुडग्यात वरून सोडतात. पावसात खिडकीच्या काचेवरून पाण्याचा पातळ पापुद्रा ओघळावा तसा तो नळ्यांच्या आतल्या भिंतीवरून उतरतो. नळ्यांना बाहेरून वाफ तापवते, आणि तळाशी तापमान २०० अंशांच्या पुढे जातं. कार्बामेट फुटून दोन वायू होतात, पण ते वायू द्रवातून बाहेर पडतील की नाही, हे द्रवावरच्या वायूत दोघांचा वाटा किती आहे यावर ठरतं. द्रवातून उसळून येणारा जास्तीचा अमोनिया वर भरून राहिला की कार्बन डायऑक्साइडचा वाटा खूप घटतो, आणि तो द्रवातून ओढला जातो. द्रवाला नळीतून उतरायला फार वेळ लागू द्यायचा नसतो. एवढ्या उष्णतेत युरिया रेंगाळला तर तो स्वतःच बिघडू लागतो.

दाब कायम ठेवण्याचा फायदा पुढच्या टप्प्यावर, कार्बामेट कंडेन्सरमध्ये दिसतो. स्ट्रिपरमधून आलेले वायू तिथे पुन्हा एकत्र येऊन कार्बामेट होतात. दाब जास्त असल्यामुळे हे दीडशे अंशांच्या वरच घडतं, आणि शोषायला पाणी अगदी थोडं पुरतं. सुटणारी उष्णताही एवढी तापलेली असते की तिच्यावर वाफ बनते, आणि ती वाफ कारखान्यात पुढे कामाला येते. जुन्या पद्धतीत वायू कमी दाबावर गोळा केले जात. तिथे हीच उष्णता कोमट अवस्थेत मिळे आणि थंड पाण्यासोबत वाया जाई. हे कार्बामेट रिॲक्टरमध्ये परत ढकलायला स्नॅमप्रोगेट्टीने इजेक्टर बसवला: ताजा द्रव अमोनिया दोनशे बारच्या वर दाबून एका अरुंद तोंडातून सोडायचा, म्हणजे तो जाता जाता कार्बामेटला सोबत खेचून नेतो.

स्ट्रिपरमधून सुटलेलं थोडं कार्बामेट पुढे सतरा-अठरा बारवर आणि नंतर चार बारच्या आसपास फोडलं जातं. मधल्या टप्प्यावर अमोनिया एका स्तंभात धुऊन शुद्ध द्रवरूपात परत मिळवतात. त्यात कार्बन डायऑक्साइडचा अंश राहिला तर पुढच्या थंड नळ्यांत कार्बामेटचे खडे धरतात, आणि नळ्या बंद पडू लागतात. म्हणून कार्बामेटच्या प्रत्येक नळीला बाहेरून वाफेची सोबत लागते. पंप थांबला तर आतलं द्रावण थिजण्याआधी गरम पाण्याने धुऊन काढावं लागतं.

बिघाड सुरू होतो तो बहुधा स्ट्रिपरपासून. नळ्यांच्या तोंडाशी द्रव वाटून देणाऱ्या टोप्या तुंबल्या की काही नळ्या कोरड्या राहतात, काहींत द्रव जास्त जातो. न फुटलेलं कार्बामेट मधल्या टप्प्यावर जाऊन पडतं. तिथला दाब चढू लागतो. कर्मचारी शोषणासाठी पाणी वाढवतो, ते पाणी कार्बामेटसोबत रिॲक्टरमध्ये जातं आणि वर सांगितलेलं चक्र फिरू लागतं. काही तासांनी प्रयोगशाळेच्या नमुन्यात युरियाचं प्रमाण घसरलेलं दिसतं. अनुभवी माणूस अशा वेळी पाणी वाढवण्याआधी उत्पादनाचा भार उतरवतो.

गरम कार्बामेटचा दुसरा त्रास धातूला. साधं पोलाद ते भराभर खातं. स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असेल तरच ते टिकतं, आणि तो थर टिकवायला ऑक्सिजन लागतो. म्हणून कार्बन डायऑक्साइडमध्ये मुद्दाम थोडी हवा सोडतात. अमोनियाच्या कारखान्यातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये हायड्रोजनचा अंश असतो, त्यामुळे हवा जास्त झाली तर बाहेर जाणारे वायू स्फोटक होऊ शकतात. स्ट्रिपरची जागा सर्वांत कठीण, म्हणून तिथे टायटॅनियम किंवा झिर्कोनियमचं अस्तर असलेल्या नळ्या वापरतात. स्टेनलेस स्टील झिजू लागलं आहे हे कळण्याची एक खूण म्हणजे युरियातलं निकेल वाढणं. रिॲक्टरच्या अस्तरामागे छोटी भोकं ठेवलेली असतात. अस्तर फुटलं तर कार्बामेट तिथून बाहेर झिरपतं, आणि बाहेरचं पोलाद खाल्लं जाण्याआधी कारखाना थांबवता येतो.

पुढचं काम तुलनेने सरळ. युरियाच्या द्रावणातलं पाणी निर्वात अवस्थेत उडवून ते जवळजवळ कोरडं वितळलेलं केलं जातं आणि उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून थेंबाथेंबाने सोडलं जातं. खालून येणाऱ्या हवेत थेंब गोठून दाणे होतात. इथे एकच जपायचं: कोरड्या, गरम युरियाचे दोन रेणू जुळून बायुरेट बनतं आणि अमोनिया सुटतो. आपल्याकडच्या खत नियंत्रण आदेशानुसार युरियात बायुरेट दीड टक्क्यापर्यंत चालतं. जमिनीतून देताना त्याचा फारसा त्रास होत नाही. पानांवर फवारताना मात्र, विशेषतः संत्रा-मोसंबीच्या झाडांवर, पानांची टोकं पिवळी पडतात. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराने फवारणीसाठी कमी बायुरेटचा युरिया मागायला हवा, तो यामुळे.

निर्वात विभागात उडालेलं पाणी गोळा होतं तेव्हा त्यात अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि थोडा युरियाही असतो. पूर्वी ते नाल्यात सोडलं जाई. आता ते दोनशे अंशांच्या आसपास, दाबाखाली हायड्रोलायझरमध्ये ठेवतात. तिथे युरिया पाण्याशी प्रक्रिया करून पुन्हा अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड होतो. दोन्ही वायू वाफेने हाकलून कारखान्यात परत घेतले जातात. उरलेलं पाणी इतकं स्वच्छ होतं की थोड्या प्रक्रियेनंतर ते बॉयलरला देता येतं.